सरसकट कात्री नको: वाचनालयाची मागणी ‘हवंच, हवं, असलं तर बरं’ अशी कशी मांडावी

मार्च २०१९ मध्ये आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढं ग्रंथपालांनी सहा लाख साठ हजारांची मागणी ठेवली. पगार, वीजबिल आणि विम्याचे पैसे बाजूला काढल्यावर तिजोरीत उरत होते तीन लाख साठ हजार. यादीत आठ बाबी होत्या, आणि आठही मनापासून मागितलेल्या. कोणाची मागणी खोडायची यावर तासभर चर्चा झाली. शेवटी कोणाचंच मन दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांना सारखी कात्री लावली: प्रत्येक बाबीला मागितलेल्या रुपयामागं साधारण साडेचौपन्न पैसे. मी तेव्हा खजिनदार होतो. ठरावावर माझी सही आहे.

वाचनालय कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूच्या पेठेत आहे. वायरिंगसाठी एक लाख चाळीस हजार मागितले होते, मिळाले शहात्तर. वायरमननं विचारलं, “एवढ्यात कुठलं काम धरू?” अभ्यासिकेतली पोरं रोज ओरडत होती, म्हणून वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेची वायरिंग झाली आणि उरलेल्या पैशात पंखे आले. तळमजल्यावरचा मीटर बोर्ड, जमिनीपासून चार फुटांवर, होता तिथंच राहिला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट धरतात. ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. बोर्ड बुडाला, खालच्या फळ्यांवरचे जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड लगदा झाले, आणि पाणी ओसरल्यावरही सव्वा महिना इमारतीत वीज नव्हती.

बोर्ड वर घ्यायला ५२ हजार लागले असते. आम्ही वायरिंगला ७६ हजार दिले होते, म्हणजे पैसे कमी पडले नव्हते. कुठला तुकडा आधी करायचा, हे कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते वायरमनसोबत जिन्यात उभं राहून ठरलं. तेव्हापासून नव्या कार्यकारिणीला अंदाजपत्रक शिकवताना मी तीच जुनी यादी ‘हवंच’, ‘हवं’ आणि ‘असलं तर बरं’ अशा तीन पायऱ्यांत पुन्हा मांडतो. ती कशी मांडायची, ते इथं सांगतो. वाचनालयाऐवजी शाळा, तालीम किंवा हाउसिंग सोसायटी असली तरी कागद असाच तयार होतो.

आधी बांधील खर्च यादीतून बाहेर काढा

पगार, वीजबिल, विमा, सही झालेले देखभालीचे करार ही मागणी नव्हे, ते देणं आहे. ते यादीत ठेवलं की ‘हवंच’ची पायरी त्यानंच भरते आणि समितीला वाटतं, कापायला काही उरलंच नाही. ते वेगळ्या कागदावर घ्या आणि उरलेल्या रकमेवरच यादी करा. आमच्या बाबतीत ती रक्कम म्हणजे तीन लाख साठ हजार.

मग प्रत्येक बाबीचे तुकडे पाडा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. आमची मूळ यादी अशी होती: वायरिंग १,४०,०००, पुस्तकांचे रॅक ९६,०००, पुस्तकं आणि नियतकालिकं ९०,०००, संगणक आणि प्रिंटर ८४,०००, रंगकाम ७५,०००, छपराची गळती ७०,०००, अभ्यासिकेच्या खुर्च्या ६०,०००, व्याख्यानमाला ४५,०००. अशी यादी समोर आली की समिती दोनच गोष्टी करू शकते: अख्खी बाब मान्य किंवा अख्खी बाब रद्द. दोन्ही जमत नाही, म्हणून ती टक्क्यांवर येते.

तुकडा कुठं पाडायचा? “एवढंच केलं आणि थांबलो, तर काहीतरी पुरं होतं का?” या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येईल तिथं. वायरिंग या एका शब्दात तीन वेगळी कामं लपली होती. मीटर बोर्ड आणि तळमजल्याचे पॉइंट वर घेणं, अर्थिंग करणं आणि वीज गळली की लाइन तोडणारा ब्रेकर बसवणं, हे ५२ हजारांचं. अभ्यासिकेची जुनी वायरिंग बदलणं ५८ हजारांचं. नवे पंखे आणि एलईडी दिवे ३० हजारांचे. यातलं कुठलंही एक करून थांबता येतं. पण ‘वायरिंगचं चौपन्न टक्के काम’ अशी वस्तूच नसते.

तुकडे टेबलाशी बसून पाडू नका. कोटेशन देणाऱ्याकडूनच तोडून मागा. “दादा, बोर्डचं वेगळं, अभ्यासिकेचं वेगळं, फिटिंगचं वेगळं असे तीन आकडे द्या,” एवढं सांगितलं की तो देतो. वेगवेगळं केल्यावर एकूण थोडं वाढेल का, हेही तिथंच विचारा. प्लंबिंग आणि छपराच्या कामात ते वाढतं, कारण माणसं आणि सामान दोनदा आणावं लागतं. ती वाढ तुकड्याच्या रकमेत आधीच धरा.

काही बाबींचे तुकडे पडत नाहीत. रंगकामाचा आम्ही प्रयत्न केला होता. ४१ हजारांत निम्म्या भिंती रंगल्या, आणि त्यातल्या ज्या गळक्या छपराखाली होत्या त्यांचे पापुद्रे ऑगस्टपर्यंत सुटले. अशी बाब अख्खी ठेवा.

प्रत्येक तुकड्यापुढं एक वाक्य: नाही केलं तर काय?

वाक्यात तीन गोष्टी हव्यात: काय होईल, कधीपर्यंत होईल, कोणाला सोसावं लागेल. बोर्डाचं वाक्य असं: “जुलैपूर्वी बोर्ड वर घेतला नाही, तर तळमजल्यात चार फूट पाणी आल्यावर सगळ्या इमारतीची वीज जाईल आणि ओल्या बोर्डाला हात लागणाऱ्याच्या जिवाला धोका राहील.” पंख्यांचं वाक्य: “नवे पंखे नाही घेतले, तर जुने आवाज करत चालतील.” ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की पायरी आपोआप दिसते.

‘हवंच’मध्ये तोच तुकडा जातो ज्याच्या वाक्यात पुढल्या तीनपैकी एक तरी गोष्ट खरी आहे: कोणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका; कायदा, अनुदानाची अट किंवा करार मोडणं; किंवा परत न मिळणारं, नाहीतर कितीतरी महाग पडणारं नुकसान. तिन्ही नसतील तर तो ‘हवंच’ नाही, मागणारा कितीही कळकळीनं मागत असला तरी.

‘हवं’ आणि ‘असलं तर बरं’ यांत फरक करायला मी एकच प्रश्न विचारतो: यंदा त्याशिवाय कसं भागवाल? “काउंटरचा संगणक बंद पडला की वहीत नोंद करू आणि संध्याकाळी जास्त वेळ बसू,” असं उत्तर आलं तर ते ‘हवं’: भागतं, पण कोणीतरी त्रास सोसतं. “तसंच चालू राहील,” असं उत्तर आलं तर ते ‘असलं तर बरं’.

वाक्यात तारीख येत नसेल तर थांबा. ‘दर्जा सुधारेल’, ‘काळाची गरज आहे’, ‘वाचकांची मागणी आहे’ अशा शब्दांनी भरलेल्या वाक्यात बहुधा तारीख नसते, आणि तो तुकडा एक पायरी खाली उतरवला तरी मागणाऱ्याला त्यावर फार काही बोलता येत नाही. एखादे वेळी मात्र तो तुकडा खरंच वरचा असतो, फक्त वाक्य लिहिणाऱ्याला मांडता आलेलं नसतं. म्हणून उतरवण्यापूर्वी एकदा समोरासमोर विचारा. आमच्या ग्रंथपाल बाईंनी पुस्तकांपुढं ‘वाचनसंस्कृतीसाठी’ असं लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं की त्यातले ५० हजार वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि किमान ग्रंथखरेदीचे आहेत. सार्वजनिक वाचनालयाचा अ, ब, क, ड यांतला वर्ग ग्रंथसंख्या आणि नियतकालिकं अशा निकषांवर ठरतो, आणि वर्गावर अनुदान ठरतं. तेव्हा ते ५० हजार ‘हवंच’मध्ये गेले, बालविभागाची २५ हजारांची पुस्तकं ‘हवं’मध्ये, आणि कथा-कादंबऱ्यांच्या जादा प्रतींचे १५ हजार खाली.

जोड्या शोधा

काही तुकडे एकट्यानं निरुपयोगी असतात. बांधीव खंड खालच्या फळ्यांवरून उचलून वरच्या मजल्यावर न्यायला तीन रॅक लागत होते, प्रत्येकी बारा हजारांप्रमाणे ३६ हजार. पूर आला तर गेलेले खंड परत मिळत नाहीत, म्हणून हा तुकडा ‘हवंच’. पण वरची जी खोली मोकळी होती, तिचंच छप्पर गळत होतं. पुराच्या पाण्यातून काढून पावसाच्या पाण्याखाली ठेवण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून गळतीच्या सत्तर हजारांतला त्या खोलीवरचा २८ हजारांचा तुकडाही ‘हवंच’मध्ये चढला, तोही रॅकच्या आधी करायचा म्हणून. उरलेली ४२ हजारांची गळती ‘हवं’मध्ये राहिली.

कागदावर अशा जोडीपुढं स्पष्ट लिहा: “दोन्ही मिळून ६४,०००, एक कापल्यास दुसरंही करू नये.” नाहीतर सभेत कोणीतरी चांगल्या हेतूनं २८ हजार वाचवतो आणि उरलेले ३६ वाया जातात. उलटी जोडीही असते: गळती थांबल्याशिवाय रंग नको. आणि जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर भरलेले रॅक चढवण्यापूर्वी तो भार तक्तपोशी पेलेल का, हे माहितगाराला दाखवून घ्या. आम्ही रॅक भिंतीलगत, तुळयांना आडवे लावायचे असं ठरवलं, ते तसं दाखवूनच.

याच वेळी दरवर्षीचा मागचा खर्चही विचारा. प्रिंटर एकदा घेतला की शाई दरवर्षी. तो आकडा तुकड्याच्या शेजारी लिहा, एकूण रकमेत मिसळू नका.

‘हवंच’ फुगलं तर

पहिल्या फेरीत आमच्या यादीतलं जवळपास सगळंच ‘हवंच’ होतं. हे नेहमीच होतं, कारण वरच्या पायरीवर बसलेली मागणी कापली जात नाही हे सगळ्यांना कळतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत ही पायऱ्यांची पद्धत ‘मॉस्को’ नावानं चालते. ती १९९४ साली डाय क्लेग यांनी मांडली. त्या पद्धतीवरून चालणाऱ्यांनी पुढं एक मर्यादा घालून घेतली: ‘हवंच’चं काम एकूण कामाच्या साठ टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. पैशाच्या यादीलाही मी तीच मर्यादा लावतो, पण मागितलेल्या रकमेवर नाही, मिळू शकणाऱ्या रकमेवर. तीन लाख साठ हजारांचे साठ टक्के म्हणजे दोन लाख सोळा हजार. तुकडे पाडून, वाक्यं लिहून आमचं ‘हवंच’ उतरलं १,६६,००० वर: बोर्ड ५२, पुस्तकं ५०, रॅक ३६, गळती २८. मर्यादेच्या आत.

मर्यादेबाहेर गेलं तर दोनच कारणं असतात. एक तर तुकडे नीट पडलेले नाहीत, मोठ्या बाबीच्या आत खालच्या पायरीचं काम दडलेलं आहे. नाहीतर संस्था खरोखरच अडचणीत आहे, आणि तेव्हा कात्री हा उपायच नव्हे. देणगी मागायची की वर्गणी वाढवायची, ते सर्वसाधारण सभेपुढं न्यावं लागतं.

फुगवण्याचा आणखी एक प्रकार आहे. ‘कापणारच आहेत’ म्हणून आकडाच वाढवून आणतात. सरसकट कात्रीची सवय असलेल्या संस्थेत हे हमखास होतं, आणि त्यांचा दोष नाही, समितीनंच ते शिकवलेलं असतं. तुकड्यांच्या यादीत ते फार टिकत नाही, कारण पंधरा खुर्च्यांचे ३० हजार लिहिले की एका खुर्चीचे दोन हजार हे कोणीही मोजून शाहूपुरीतल्या दुकानात विचारून येऊ शकतो.

मधल्या पायरीला क्रम द्या आणि रेघ ओढा

‘हवंच’ला आतला क्रम फारसा लागत नाही, सगळंच करायचं असतं. ‘असलं तर बरं’ला क्रम देण्यात वेळ घालवू नका. खरी कात्री चालते ती ‘हवं’मध्ये, म्हणून तिथल्या प्रत्येक तुकड्याला एक, दोन, तीन असा आकडा हवा. दोन तुकड्यांना एकच आकडा देऊ नका. क्रम लावताना मी आधी हे बघतो की उशीर केला तर कशाचं नुकसान वाढत जातं. गळती वाढते, वायरिंग जुनी होत जाते. खुर्च्या आहेत तशाच राहतात.

| क्रम | तुकडा | रक्कम | इथवर एकूण |
|---|---|---|---|
| – | हवंच, चारही तुकडे | १,६६,००० | १,६६,००० |
| १ | उरलेली गळती | ४२,००० | २,०८,००० |
| २ | अभ्यासिकेची वायरिंग | ५८,००० | २,६६,००० |
| ३ | आणखी तीन रॅक | ३६,००० | ३,०२,००० |
| ४ | बालविभागाची पुस्तकं | २५,००० | ३,२७,००० |
| ५ | पंधरा खुर्च्या | ३०,००० | ३,५७,००० |
| | रेघ: ३,६०,००० | | |
| ६ | काउंटरचा संगणक | ४२,००० | ३,९९,००० |
| ७ | तीन स्थानिक व्याख्यानं | २०,००० | ४,१९,००० |

‘असलं तर बरं’चे २,४१,००० वेगळ्या पानावर, फक्त नावं आणि आकडे. रंगकाम अख्खं तिथंच गेलं.

शेवटच्या रकान्यामुळं रेघ कुठंही सरकवता येते. कार्यकारिणी म्हणाली, “यंदा तीनच लाख,” तर पेन क्रम ३ च्या ओळीच्या वर येतो आणि काय गेलं ते सगळ्यांना एकाच वेळी दिसतं.

सभेत काय बोलायचं

कागद दोन दिवस आधी वाटा. सभेत पहिल्यांदा हातात पडलेल्या कागदावर माणूस ओळखीची बाब शोधतो आणि तिथंच अडकतो. चर्चा सुरू होण्याआधी अध्यक्षांकडून दोन नियम मान्य करून घ्या, कारण नंतर ते कोणाच्या तरी विरोधात घातल्यासारखे दिसतात. पहिला: तुकडा अर्धा करायचा नाही, ठेवायचा किंवा काढायचा, मोजून घेता येणाऱ्या वस्तूंची संख्या मात्र कमी करता येते. दुसरा: एखादा तुकडा रेघेच्या वर आणायचा असेल, तर कुठला खाली जाणार तेही त्याच माणसानं सांगायचं.

दुसऱ्या नियमाचा उपयोग मी या जुन्या यादीवरच बघितला. नव्या कार्यकारिणीला शिकवताना एक ज्येष्ठ सभासद, सगळे त्यांना आबा म्हणतात, कळवळून बोलले, “व्याख्यानं बंद पडली तर पेठेतली माणसं वाचनालयाची पायरी चढायचीच थांबतील बघा. कापा काय कापायचं ते, पण हे नको.” सरसकट कात्रीच्या दिवसांत यावर वाद झाला असता आणि व्याख्यानांना या वीस हजारांतले अकरा हजार मिळाले असते, ज्यात तीन काय, दोनसुद्धा नीट होत नाहीत. इथं मी एवढंच विचारलं, “आबा, वीस हजार कुठून घेऊ?” त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, “पंधरा खुर्च्यांऐवजी पाच घ्या.” पाच खुर्च्यांचे दहा आणि व्याख्यानांचे वीस, तीसचे तीसच. एकूण ३,५७,००० तसंच राहिलं. अभ्यासिकेतल्या मुलांच्या वतीनं बोलणाऱ्या ताईंनी आणखी दहा खुर्च्या पुढच्या वर्षीच्या यादीत ‘हवं’च्या वरच्या क्रमात घालायला सांगितल्या, आणि विषय दहा मिनिटांत संपला.

आबांचं म्हणणं माझ्या क्रमापेक्षा बरोबर होतं, असं मला वाटतं. क्रम लावणारा माणूस इमारतीकडं बघत असतो, समितीत पेठेकडं बघणारी माणसं असतात. पण तीच माणसं बोर्डाच्या ५२ हजारांना हात लावू शकत नाहीत, कारण त्यापुढचं वाक्य मोठ्यानं वाचून मग ते कापायचं म्हटलं तर कोणाचाही हात धजत नाही. कोणी धजलाच, तर ते वाक्य आणि त्याचं नाव दोन्ही इतिवृत्तात घ्या.

ठराव आणि खर्चाचा क्रम

ठरावात एकूण रकमेचा आकडा पुरेसा नाही. “सोबतच्या यादीतील ‘हवंच’चे चार तुकडे आणि सुधारित क्रम १ ते ६ मंजूर, खर्च त्याच क्रमानं करावा, उत्पन्न कमी झाल्यास खालून वर थांबवावा,” असं पूर्ण लिहा. शेवटची ओळ खजिनदाराला फार उपयोगी पडते. अनुदानाचा हप्ता लांबला किंवा सभागृहाचं भाडं कमी आलं, तर त्याला नवी सभा बोलवावी लागत नाही. तो खुर्च्या, व्याख्यानं आणि बालविभागाची पुस्तकं थांबवतो आणि बाकीचं चालू ठेवतो.

आमच्याकडं खर्चाच्या क्रमाला पावसाचीही मुदत आहे. ‘हवंच’चे तुकडे आणि उरलेली गळती मे संपायच्या आत पुरी व्हायला हवीत. जूनमध्ये छपरावर माणूस चढत नाही आणि जुलैमध्ये बोर्डाचं काम करायला वायरमन मिळाला, तरी गल्लीत पाणी असू शकतं. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कामाच्या ऑर्डरी आणि आगाऊ रक्कम, आणि १५ मेला खजिनदारानं स्वतः जाऊन बोर्ड कुठं बसला ते बघून यायचं. खुर्च्या दिवाळीनंतरही चालतात.

रेघेखाली राहिलेला कागद फेकू नका. पुढच्या मार्चमध्ये तो काढून प्रत्येक तुकड्यापुढचं ‘नाही केलं तर’ हे वाक्य खरं ठरलं का, ते बघा. समजा, संगणकापुढं लिहिलं होतं, “दिवाळीपर्यंत बंद पडेल, मग नोंदी वहीत कराव्या लागतील.” तो मार्चमध्येही चालत असेल, तर पुढच्या वर्षी तो एक पायरी खाली. श्रावणातच बंद पडला असेल आणि ग्रंथपाल बाई रोज रात्री साडेआठपर्यंत वही उतरवत असतील, तर तो ‘हवं’चा पहिला क्रम.